घराचे कागद अडकले, तर: शाखा ते लोकपाल

गृहकर्जाचा शेवटचा हप्ता भरला म्हणजे व्यवहार संपला असं नाही. मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हे सगळं बँकेच्या ताब्यात असतं, आणि ते परत हातात पडेपर्यंत घर पूर्णपणे आपलं झालेलं नसतं. ते विकता येत नाही, मुलीच्या शिक्षणासाठी दुसऱ्या बँकेकडे तारण ठेवता येत नाही. आणि नेमकं इथेच काम अडतं. पैसे घेताना पाच मिनिटांत पावती देणारी शाखा कागद द्यायची वेळ आली की म्हणते, "सर, फाइल मुंबईच्या रेकॉर्ड रूममधून मागवली आहे, पुढच्या सोमवारी चक्कर मारा."

याबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकानुसार कर्ज पूर्ण फेडल्यापासून 30 दिवसांच्या आत बँकेने सगळे मूळ कागद परत करायचे आणि मालमत्तेवर नोंदवलेला बोजाही काढून टाकायचा. 1 डिसेंबर 2023 पासून ज्यांचे कागद परत करायची वेळ आली, त्या सगळ्यांना हा नियम लागू झाला. उशीर बँकेमुळे झाला असेल, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये कर्जदाराला द्यायचे. उशीर का होतो आहे, हेही बँकेने आपणहून कळवायचं. इतका स्पष्ट नियम असताना माणसं महिनोन्‌महिने हेलपाटे घालत राहतात, कारण त्यांची तक्रार कुठे लिहिलेलीच नसते. काउंटरवर दहा वेळा विचारलं, मॅनेजरांना भेटून विनवलं, तरी बँकेच्या दप्तरी त्या माणसाने काहीच म्हटलेलं नसतं.

शाखा, मग नोडल अधिकारी, मग लोकपाल हा रस्ता कसा चालायचा, हे एका उदाहरणातून पाहू. माणूस आणि प्रसंग समजुतीसाठी रचलेले आहेत. नियम मात्र खरे आहेत.

समजा, पुण्यातले एक निवृत्त शिक्षक. त्यांना सर म्हणू. सरांनी 8 एप्रिल 2024 ला, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, गृहकर्जाची उरलेली सगळी रक्कम एका सरकारी बँकेत भरली. त्याआधी त्यांनी शाखेकडून खातं बंद करण्याच्या रकमेचं लेखी पत्रक घेतलं होतं, आणि रक्कम त्या पत्रकाप्रमाणेच भरली. हे महत्त्वाचं आहे. पत्रक न घेता अंदाजाने रक्कम भरली, तर खात्यावर दोन-तीनशे रुपयांचं व्याज शिल्लक राहतं. तीन महिन्यांनी बँक म्हणते, तुमचं कर्ज पूर्ण फिटलेलंच नव्हतं, मग 30 दिवस कुठून मोजायचे? म्हणून पैसे भरल्यावर दोन-चार दिवसांत खात्याचा उतारा काढायचा आणि शिल्लक शून्य दिसते आहे याची खात्री करायची. मुदत मोजायची ती पूर्ण फेड झाल्याच्या तारखेपासून. बँकेने 'येणे बाकी नाही' असं पत्र ज्या दिवशी दिलं, त्या तारखेपासून नव्हे. ते पत्रच दीड महिना उशिरा मिळालं, तर त्या दिरंगाईचा फायदा बँकेला मिळता कामा नये.

सरांचे 30 दिवस 8 मेला संपले. कागद आले नाहीत. शाखेत दोनदा जाऊन झालं. 14 मेला त्यांनी लेखी अर्ज केला. तो असा होता:

"माझे गृहकर्ज खाते (क्रमांक वर दिला आहे) मी 8 एप्रिल 2024 रोजी पूर्ण फेडले. रक्कम जमा झाल्याचा उतारा जोडला आहे. कर्ज घेताना मी दिलेल्या मूळ कागदपत्रांची, आपल्या शाखेच्या सहीची यादी जोडली आहे. ही सर्व कागदपत्रे 8 मे 2024 पर्यंत परत मिळायला हवी होती. ती मिळालेली नाहीत आणि विलंबाचे कारणही मला कळवलेले नाही. माझी मागणी अशी: एक, यादीतील सर्व मूळ कागदपत्रे परत द्यावीत. दोन, मालमत्तेवरील बोजा काढल्याचा पुरावा द्यावा. तीन, रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकानुसार 9 मे 2024 पासून कागद मिळेपर्यंत प्रतिदिन 5,000 रुपये भरपाई द्यावी. या अर्जाला तक्रार म्हणून नोंदवून क्रमांक द्यावा."

पत्रात आणखी काही लागत नाही. बँकेशी असलेलं जुनं नातं, झालेला मनस्ताप, कोण काय बोललं, हे सगळं सांगावंसं वाटतं आणि ते खोटंही नसतं. पण पुढे चंदीगडला किंवा मुंबईला बसून ही फाइल वाचणाऱ्या माणसाला चार गोष्टी पटकन दिसायला हव्यात: काय देणं होतं, कधीपर्यंत, काय झालं नाही आणि काय मागितलं आहे. भरपाईची मागणी पहिल्याच पत्रात असावी, हा मुद्दा माझ्या मते सर्वांत जास्त वेळा सुटतो. लोकपाल तपासतो ती बँकेपुढे आधी मांडलेली तक्रार. शाखेकडे फक्त 'कागद द्या' म्हटलं आणि लोकपालाकडे अचानक पाच लाख मागितले, तर ही मागणी आमच्यापुढे आलीच नव्हती असं म्हणायला बँकेला जागा मिळते.

पत्र दोन प्रतींत न्यायचं आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. काही शाखा पोच द्यायला खळखळ करतात. "ठेवून जा, साहेब आले की देतो." अशा वेळी वाद घालत बसू नये. तेच पत्र त्याच दिवशी शाखेच्या ईमेलवर पाठवावं आणि बँकेच्या वेबसाइटवरच्या तक्रार विभागातही नोंदवावं. तिथे लगेच क्रमांक मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत लेखी तक्रारीची व्याख्या उदार आहे. तक्रार केल्याचा पुरावा दाखवता येईल अशा कोणत्याही मार्गाने केलेली तक्रार चालते. म्हणजे कॉल सेंटरला फोन करून मिळवलेला तक्रार क्रमांकही चालतो. काउंटरवरचं बोलणं मात्र चालत नाही, कारण त्याला पुरावा नाही.

आता दिवसांच्या हिशेबाकडे येऊ, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. लोकांना वाटतं, शाखेला 30 दिवस द्यायचे, मग नोडल अधिकाऱ्याला आणखी 30 दिवस, मग झोनल ऑफिसला, आणि त्यानंतर लोकपाल. बँकेच्या माहितीफलकावर तक्रारीचे टप्पे एकाखाली एक छापलेले असतात, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण रिझर्व्ह बँकेच्या योजनेला बँकेतल्या टप्प्यांशी देणंघेणं नाही. योजना एवढंच विचारते: तुम्ही बँकेकडे लेखी तक्रार केली का, आणि बँकेला ती मिळून 30 दिवस झाले का? हे 30 दिवस सगळ्या बँकेला मिळून एकदाच आहेत. बँकेने त्याआधीच तक्रार फेटाळली किंवा अर्धवट मान्य केली आणि ते उत्तर पटलं नाही, तर 30 दिवस थांबायचीही गरज नाही.

सरांची तक्रार 14 मेची. म्हणजे बँकेची मुदत 13 जूनला संपणार. त्यांनी 27 मेला नोडल अधिकाऱ्यांना लिहिलं, पण त्यामुळे मुदत नव्याने सुरू झाली नाही. कारण पत्राच्या पहिल्याच ओळीत त्यांनी जुना तक्रार क्रमांक आणि 14 मे ही तारीख लिहिली, आणि विषयातही 'त्याच तक्रारीबाबत' असं स्पष्ट म्हटलं. इथे नवी तक्रार नोंदवली असती, तर नवा क्रमांक पडला असता आणि तारखांचा घोळ झाला असता. एकच तक्रार तीन ठिकाणी तीन शब्दांत लिहिणाऱ्या माणसाच्या फाइलमध्ये पुढे कोणती तारीख धरायची, हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

मग योजना मागत नसेल, तर नोडल अधिकाऱ्याकडे जायचंच कशाला? दोन कारणं आहेत. पहिलं, शाखेच्या हातात पुष्कळदा खरोखरच काही नसतं. मूळ कागद शाखेत राहत नाहीत. ते केंद्रीय साठवणुकीच्या ठिकाणी, बरेचदा बाहेरच्या कंत्राटदाराच्या गोदामात असतात, आणि शाखेचा माणूस फक्त विनंती पाठवू शकतो. वरचा अधिकारी ती विनंती हलवू शकतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. प्रकरण लोकपालाकडे गेलं, तर बँकेची बाजू मांडायची जबाबदारी बँकेच्या प्रधान नोडल अधिकाऱ्यावर असते. हा अधिकारी महाव्यवस्थापक किंवा त्याच्या बरोबरीच्या दर्जाचा असावा, असं योजना सांगते. त्याच्या कार्यालयाला आधीच पूर्ण कागद मिळाले असतील, तर हे प्रकरण आपण हरणार हे तिथल्या अनुभवी माणसाच्या लगेच लक्षात येतं. मग कागद शोधायला खरी सुरुवात होते. या अधिकाऱ्याचं नाव, पत्ता आणि फोन प्रत्येक शाखेत लावणं बँकेवर बंधनकारक आहे. तो फलक दिसला की मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवावा. फलक नसेल, तर पत्रात तेही एका ओळीत लिहावं.

10 जूनला सरांना बँकेचा ईमेल आला. "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." दुसऱ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला की तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. बँकेच्या तक्रारींशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हा संदेश ओळखीचा वाटेल. इथे अनेक जण चिडून तो पुसून टाकतात. पुसू नये. उपाय न करता तक्रार बंद केल्याचा तो बँकेनेच दिलेला पुरावा आहे. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा आणि ईमेलची छापील प्रत फाइलला लावावी.

याच उत्तरात आणखी एक गोष्ट शोधायची असते. मोठ्या व्यापारी बँकांमध्ये अंतर्गत लोकपाल नावाचं पद असतं. बँक एखादी तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळणार असेल, तर उत्तर पाठवण्यापूर्वी ती आपोआप त्यांच्याकडे गेली पाहिजे. ग्राहकाला त्यांच्याकडे थेट जाता येत नाही. तक्रार खरोखर तपासून फेटाळली असेल, तर अंतर्गत लोकपालाने ती पाहिल्याचा उल्लेख उत्तरात असतो. तो नसेल आणि उत्तर दोन ओळींचं, ठोकळेबाज असेल, तर वरच्या कोणीही फाइल उघडलेली नाही असं समजायला हरकत नाही. लोकपालाकडे लिहिताना ही बाब जरूर नमूद करावी.

13 जून उलटला. सरांनी 18 जूनला लोकपालाकडे तक्रार केली.

लोकपालाची व्यवस्था 1995 पासून आहे, पण तिचं एकत्रित रूप 12 नोव्हेंबर 2021 ला आलं. बँका, बिगरबँक वित्त कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्या तीन वेगळ्या योजना तेव्हा एकत्र झाल्या. त्याआधी आपली शाखा कोणत्या लोकपालाच्या हद्दीत येते हे शोधावं लागे. आता ती कटकट नाही. सगळ्या तक्रारी `cms.rbi.org.in` या एकाच पोर्टलवर करायच्या. इंटरनेट जमत नसेल, तर योजनेला जोडलेला नमुना भरून रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या केंद्रीकृत कार्यालयात टपालाने पाठवता येतो: चौथा मजला, सेक्टर 17, चंदीगड 160017. टपालाने किंवा ईमेलने जाणारी तक्रार कोणत्याही भाषेत चालते, म्हणजे मराठीतही. इंग्रजी येत नाही म्हणून कुणी एजंट गाठायचं कारण नाही. शुल्क काहीही नाही. वकील लागत नाही. उलट वकिलामार्फत केलेली तक्रार योजनेत बसतच नाही, अपवाद फक्त वकील स्वतःच पीडित ग्राहक असेल तर. घरातल्या दुसऱ्या कुणाला अधिकृत प्रतिनिधी म्हणून लेखी नेमता येतं. अडचण आली तर 14448 हा टोल-फ्री क्रमांक आहे.

पोर्टलवर मोबाइल क्रमांकाची खातरजमा झाली की बँक निवडायची, आणि मग नेमका प्रश्न येतो: तुम्ही आधी बँकेकडे तक्रार केली आहे का, आणि कोणत्या तारखेला? इथे 'नाही' म्हटलं, किंवा 30 दिवस पूर्ण व्हायच्या आधीच अर्ज केला, तर प्रकरण तपासण्याआधीच बंद होतं. मजकूर कितीही खरा असो. बँकेला पाठवलेल्या पत्राची प्रत रिझर्व्ह बँकेला 'माहितीसाठी' पाठवणंही असंच निरुपयोगी आहे. तक्रार थेट लोकपालाला उद्देशून केलेली नसेल, तर ती विचारात घेतली जात नाही. बँक घाबरावी म्हणून दहा पत्त्यांवर एकच ईमेल पाठवणारे लोक नकळत हीच चूक करतात, आणि मग 'रिझर्व्ह बँकेनेही काही केलं नाही' असं मनाला लावून घेतात.

सरांनी जोडलेले कागद असे होते. शाखेने दिलेली मूळ कागदांची सहीची यादी. ही यादी कर्ज घेताना मिळते आणि बहुतेक घरांत ती मंजुरीपत्राच्या मागे कुठेतरी दबलेली असते. पण सगळ्या फाइलमधला सर्वांत मोलाचा कागद तोच, कारण बँकेकडे काय होतं ते त्याशिवाय सिद्ध करणं कठीण जातं. ती यादी नसेल, तर मंजुरीपत्र आणि गहाणखताच्या नोंदणीत कागदांचा उल्लेख सापडतो का ते पाहावं. दुसरा कागद, खातं बंद करण्याच्या रकमेचं पत्रक आणि ती जमा झाल्याचा उतारा. तिसरा, शिक्क्याची पोच असलेलं 14 मेचं पत्र. चौथा, नोडल अधिकाऱ्याला पाठवलेला ईमेल आणि त्याला आलेलं उत्तर. पाचवा, 'निकाली' म्हणणारा तो संदेश. एवढंच. प्रत्येकाच्या वर कोपऱ्यात क्रमांक टाकलेला, आणि तक्रारीच्या मजकुरात जिथे जिथे त्याचा आधार घेतला, तिथे तो क्रमांक लिहिलेला. मूळ कागद कुठेही द्यायचे नाहीत, सगळीकडे फक्त प्रती.

घर विकायचा व्यवहार ठरला होता आणि कागद नसल्यामुळे तो मोडला, अशीही उदाहरणं असतात. तेव्हा इसार पावती, खरेदीदाराचं माघारीचं पत्र किंवा संदेश, इसार परत केल्याचा बँकेचा उतारा जोडावा. 2021 च्या योजनेप्रमाणे लोकपाल ग्राहकाच्या प्रत्यक्ष नुकसानीपोटी 20 लाखांपर्यंत आणि वेळ, खर्च, मनस्ताप यांपोटी आणखी 1 लाखापर्यंत भरपाई देऊ शकतो. पण पहिल्या रकमेसाठी नुकसान कागदावर दिसलं पाहिजे. 'चांगला भाव गेला' एवढ्याने भागत नाही.

लोकपालाकडे किती काळात जायचं, यालाही मर्यादा आहे. 2021 च्या योजनेत बँकेचं उत्तर आल्यापासून एक वर्ष, आणि उत्तरच आलं नाही तर बँकेकडे तक्रार केल्यापासून एक वर्ष 30 दिवस. योजनेतल्या मुदती आणि रकमा रिझर्व्ह बँक वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर जी योजना असेल तीच वाचून पाहावी. आणि वर्ष आहे म्हणून वर्ष थांबूही नये. 30 दिवस संपले की आठवड्याभरात अर्ज करणं सर्वांत चांगलं, कारण तेव्हा शाखेतला तोच माणूस तिथे असतो आणि आपल्यालाही सगळ्या तारखा पाठ असतात.

तक्रार आधी चंदीगडला छाननीतून जाते आणि योजनेत बसत असेल तर एखाद्या लोकपालाकडे सोपवली जाते. बँकेला आपली बाजू कागदांसह मांडायला 15 दिवस मिळतात. बँकेने वेळेत उत्तर दिलं नाही, तर लोकपाल हाती असलेल्या कागदांवरूनच निवाडा देऊ शकतो, आणि अशा निवाड्याविरुद्ध बँकेला अपीलही करता येत नाही. म्हणूनच दोन महिने गप्प बसलेली बँक इथे बोलू लागते.

सरांच्या प्रकरणात बँकेने जुलैमध्ये पहिल्यांदा सांगितलं की फाइल गोदामात सापडत नाही. हा मुद्दा साधा नाही, त्याच्यावर पैशांचा मोठा फरक पडतो. कागद हरवले किंवा खराब झाले, तर नियमानुसार बँकेने नक्कल किंवा प्रमाणित प्रती मिळवून द्यायला मदत करायची आणि त्याचा सगळा खर्च सोसायचा. यात पोलिसांतली नोंद, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडची प्रमाणित प्रत, सोसायटीकडून दुय्यम शेअर सर्टिफिकेट असं सगळं येतं. त्यासाठी बँकेला आणखी 30 दिवस मिळतात आणि दिवसाच्या भरपाईची मोजणी 60 दिवसांनंतर सुरू होते.

20 ऑगस्टला फाइल सापडली आणि सरांना शाखेत बोलावलं. आता हिशेब करू. 30 दिवसांचा नियम धरला, तर 9 मे ते 20 ऑगस्ट, दोन्ही दिवस धरून 104 दिवस होतात. दिवसाला 5,000 प्रमाणे 5,20,000 रुपये. बँकेच्या म्हणण्याप्रमाणे 60 दिवस धरले, तर 8 जूनपासून 74 दिवस, म्हणजे 3,70,000 रुपये. सरांचं म्हणणं असं की जादा 30 दिवस हे नकला मिळवण्याच्या कामासाठी आहेत. इथे नक्कल काढलीच नाही, मूळ फाइलच सापडली. शिवाय कागद हरवल्याचं बँकेने जुलैपर्यंत कळवलंही नव्हतं. मला हे म्हणणं बरोबर वाटतं, आणि लोकपालापुढे ते याच शब्दांत, तारखांसह मांडायला हवं.

लोकपाल आधी समेटाचा प्रयत्न करतो. बँक एखादी रक्कम देऊ करते, ग्राहकाने ती घ्यावी की नाही हा त्याचा प्रश्न. समेट झाला तर तो लिहून दोघांच्या सह्या होतात आणि प्रकरण तिथे मिटतं. नाही झाला, तर लोकपाल निवाडा देतो किंवा तक्रार फेटाळतो. निवाडा आपल्या बाजूने आला तरी एक काम उरतं, आणि ते विसरून चालत नाही. निवाडा मिळाल्यापासून 30 दिवसांत 'मला हा पूर्ण आणि अंतिम म्हणून मान्य आहे' असं पत्र बँकेला द्यावं लागतं. ते दिलं नाही, तर निवाडा रद्दबातल होतो. पत्र मिळाल्यावर बँकेने 30 दिवसांत पैसे द्यायचे. निवाडा पटला नाही, तर 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तक्रार बंद झाली तर मात्र अपील प्रत्येक वेळी मिळत नाही. ती योजनेतच बसत नाही म्हणून बंद केली असेल, तर अपील नाही. तरीही ग्राहक आयोग किंवा न्यायालय यांचं दार उघडं राहतं. उलटा क्रम मात्र चालत नाही. तोच वाद आधीच न्यायालयात किंवा आयोगात असेल, तर लोकपाल तो घेत नाही.

काही तक्रारी इथे मुळातच चालत नाहीत. कर्ज नाकारलं, व्याज कमी केलं नाही, तडजोडीचा प्रस्ताव मान्य केला नाही, हे बँकेचे व्यावसायिक निर्णय मानले जातात. दुसरं, गृहकर्ज बँकेचं नसून गृहवित्त कंपनीचं असेल, तर लोकपाल योजना तिला लागू नाही. तिथे कंपनीकडे तक्रार केल्यावर राष्ट्रीय आवास बँकेच्या `grids.nhbonline.org.in` या पोर्टलवर जावं लागतं. कंपनीच्या नावात बँकेचं नाव असतं, म्हणून अनेकांची गफलत होते. मंजुरीपत्राच्या माथ्यावर पूर्ण नाव काय छापलं आहे ते वाचावं. कागद 30 दिवसांत परत द्यायचा आणि दिवसाला 5,000 रुपयांचा नियम मात्र गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडेच करावी लागते.

20 ऑगस्टला शाखेत सरांसमोर फाइल आली, तेव्हा तिच्याबरोबर सही करायला एक छापील पत्रही होतं: "सर्व कागदपत्रे मिळाली, माझी बँकेविरुद्ध कोणतीही तक्रार नाही." ही सही केली की प्रकरण ग्राहकाच्या समाधानाने मिटलं असं धरून तक्रार बंद होऊ शकते आणि भरपाईचा मुद्दा तिथेच संपतो. सरांनी 'कोणतीही तक्रार नाही' हे शब्द खोडले आणि त्याजागी हाताने लिहिलं: "यादीतील कागदपत्रे आज मिळाली. विलंबाच्या भरपाईबाबतची लोकपालाकडील तक्रार कायम." खाली सही, तारीख आणि वेळ. त्याची एक प्रत घेतली. "साहेब, फॉर्ममध्ये खाडाखोड चालत नाही," असं कुणी म्हटलं, तर वेगळ्या कागदावर तेवढ्याच दोन ओळी लिहून द्याव्यात, पण छापील मजकुरावर सही करू नये.

सहीच्या आधी फाइल टेबलावरच उघडून यादीशी ताडून पाहावी. करारनाम्याची पानं क्रमाने आहेत का, नोंदणीचे शिक्के असलेलं शेवटचं पान आहे का, इंडेक्स टू आणि शेअर सर्टिफिकेट वेगळे दिले आहेत का. एखादा कागद कमी असेल, तर तेवढं पोचपावतीत लिहावं. त्या कागदापुरता उशीर अजून चालूच आहे.

आणि बोजा. घर गहाण असल्याची नोंद केंद्रीय नोंदवहीत, सेरसायकडे, असते. ती काढल्याचा पुरावा बँकेकडे लेखी मागावा. सोसायटीच्या दप्तरात बँकेचा बोजा नोंदवलेला असेल, तर बँकेच्या पत्राची प्रत देऊन तो कमी करून घ्यावा. जमिनीवर कर्ज असेल, तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचं नाव राहिलेलं असतं. ते तलाठ्याकडे अर्ज करून, फेरफार मंजूर होऊन निघेपर्यंत नवा उतारा काढत राहावा.